रिफंड घ्यायला पिन लागत नाही

मी बँकेच्या शाखेत ग्राहकसेवेच्या टेबलावर बसते. २०२५च्या ऑगस्टमध्ये एक काकू घाईघाईने आल्या आणि मोबाइल पुढे करत म्हणाल्या, "ताई, यूपीआय पिन विसरलेय. नवीन करून दे पटकन. रिफंड घ्यायचाय, तो माणूस फोनवर थांबलाय."

त्यांनी ऑनलाइन घेतलेला १,८९९ रुपयांचा मिक्सर परत पाठवला होता. पैसे येईनात म्हणून नेटवर सापडलेल्या 'कस्टमर केअर'च्या नंबरवर फोन केला, तर तिकडून यूपीआय ॲपवर रिक्वेस्ट आली. मी आधी तो फोन ठेवायला लावला आणि मग दोघींनी मिळून स्क्रीन नीट वाचली.

नाव कंपनीचं नव्हतं, कुठल्याशा माणसाचं होतं. खाली काकूंच्याच खात्याचे शेवटचे आकडे होते, म्हणजे पैसे तिथून कापले जाणार होते. बटणं दोनच होती, `PAY` आणि `DECLINE`. `REFUND` हा शब्द होता खरा, पण तो शेऱ्याच्या जागी. तिथे मागणारा हवं ते लिहू शकतो, बँक ते तपासत नाही.

"पण रक्कम बरोबर माझ्या मिक्सरचीच आहे ना!" काकूंना ते पटेना. मी विचारलं, "ती त्याला कुणी सांगितली?" त्या क्षणभर थांबल्या. फोनवर त्यांनीच सांगितली होती.

पैसे मागणारी रिक्वेस्ट म्हणजे समोरच्याने आपल्याकडे पाठवलेलं बिल. पिन टाकला की ते आपल्या खात्यातून भरलं जातं. खात्यात पैसे जमा व्हायला पिन कधीच लागत नाही, मंजुरीही लागत नाही. रिफंड ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात आपोआप येतो.

काकूंनी `DECLINE` दाबलं आणि त्या माणसाला ब्लॉक केलं. मग खरेदीच्या ॲपमध्ये ऑर्डर उघडली. मिक्सर कंपनीकडे पोचला होता, तपासणी बाकी होती. म्हणजे रिफंड अजून निघालाच नव्हता! तो निघाल्यावरही जमा झाला नाही, तर ॲपमधूनच कंपनीकडे १२ अंकी संदर्भ क्रमांक मागा, तो घेऊन आलात की आम्ही खात्यात शोधून देतो, असं मी त्यांना कागदावर लिहून दिलं.

व्यक्तीने व्यक्तीकडे अशी रिक्वेस्ट पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. तरी दुकानदार म्हणून नोंदवलेल्या काही खात्यांवरून पैशांची मागणी येऊ शकते, ऑटोपेची म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप पैसे कापण्याची मंजुरीही मागितली जाते. त्यामुळे माझ्या टेबलाशी येणाऱ्यांना मी अजूनही नाव, बटण आणि कोणत्या खात्यातून पैसे जाणार ते मोठ्याने वाचायला लावते. पिन आधीच टाकून झाला असेल, तर शाखेत यायच्याही आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधीच अडवता येतात.