डिपेंडंट मी, स्पॉन्सर कंपनी आणि खात्यातले २८ दिवस

नवऱ्याला ब्रिटनमधल्या कंपनीत नोकरी लागली आणि स्किल्ड वर्कर व्हिसाचे फॉर्म भरायला आम्ही दोघं बसलो. माझ्या अर्जावर मी 'डिपेंडंट'. पंधरा वर्षं शिकवते आहे, पगार माझ्या खात्यात येतो, मी कुणावर अवलंबून? खरं सांगते, तो शब्द टोचला.

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. "अगं, तू कसली अवलंबून? तुमच्यावर अवलंबून आहे ती मी. माझं नाव घाला की." व्यवहारात त्यांचं अगदी बरोबर होतं. पण नियम वाचल्यावर उलगडलं की इथे कोण कुणाला पोसतं हा प्रश्नच नाही. मुख्य अर्जदाराच्या व्हिसाला जोडून ज्याला व्हिसा मिळतो तो डिपेंडंट. या व्हिसात त्यात जोडीदार येतो आणि १८ वर्षांखालची मुलं येतात. आईवडील येत नाहीत, मग त्यांचं उत्पन्न शून्य असलं तरी. उलट मी तिथे जाऊन नोकरी केली तरी डिपेंडंटच राहणार, आणि नोकरी करायला मला मुभाही आहे. (सगळ्याच नोकऱ्यांसाठी जाताना कुटुंब नेता येत नाही. केअर वर्करसाठी मार्च २०२४ मध्ये ती सोय बंद झाली. त्यामुळे आधी आपल्या कामाचा कोड तपासावा.)

दुसरा घोळ 'स्पॉन्सर'चा. माझे बाबा उत्साहाने म्हणाले, "स्पॉन्सर म्हणून माझं नाव दे, बँकेचं स्टेटमेंट पाठवतो." मलाही वाटलं, स्पॉन्सर म्हणजे खर्च उचलणारा. पण इथे स्पॉन्सर म्हणजे नोकरी देणारी कंपनी, तीही सरकारकडून तसा परवाना घेतलेली. ती सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप देते. नाव सर्टिफिकेट असलं तरी कागद हातात येत नाही. ती संगणकातली नोंद असते, आपल्याला मिळतो तिचा नंबर. तो नंबर नवऱ्याच्या फॉर्ममध्ये गेला. माझा आणि दोन्ही मुलांचा फॉर्म वेगळा, फीसुद्धा वेगळी, आणि आमच्या फॉर्मना लागला तो नवऱ्याच्या अर्जाचा क्रमांक. म्हणजे कंपनी त्याला धरून, आणि आम्ही त्याला धरून.

इथवर शब्दांचा गोंधळ होता. पैशांचा त्यातूनच निघाला. पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी स्पॉन्सर त्या नोंदीतच देऊ शकतो. आमच्या कंपनीने दिलीही होती, म्हणून आम्ही निर्धास्त. पण एचआरने पाठवलेली प्रत नीट वाचली तेव्हा दिसलं की हमी फक्त नवऱ्याची आहे, कुटुंबाचा उल्लेखच नाही. विचारलं तर उत्तर आलं, आमचं धोरण तेवढंच आहे.

मग आमच्या तिघांची रक्कम आम्हालाच दाखवायची होती. जोडीदाराचे २८५ पौंड, पहिल्या मुलाचे ३१५, दुसऱ्याचे २००. एकूण ८००. हे पैसे सलग २८ दिवस खात्यात हवेत, आणि त्यातला शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आतला हवा. खातं माझं किंवा नवऱ्याचं. बाबांचं स्टेटमेंट इथे चालणार नव्हतं.

पैसे होते. मी स्टेटमेंट काढलं आणि रोजच्या शिलकीच्या रकान्यावरून पेन्सिल फिरवत गेले. सतराव्या दिवशी थांबले. त्या दिवशी विमानाच्या तिकिटांचे पैसे गेले होते आणि शिल्लक ६४० पौंडांइतकी उरली होती. दोन दिवसांनी पगार जमा होऊन ती पुन्हा वर गेली होती, पण त्याचा उपयोग नाही. सरासरी कुणी बघत नाही, रोजची शिल्लक बघतात. एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून.

नवरा म्हणाला, "सगळेच थांबू या." मी नको म्हटलं. सर्टिफिकेट मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्याने अर्ज करायलाच हवा होता, आणि डिपेंडंटनी त्याच्याबरोबरच अर्ज करावा अशी सक्ती नाही, मागाहूनही करता येतो. त्याने लगेच केला. मी पगार जमा झाला त्या दिवसापासून नवे २८ दिवस धरले, त्या खात्याचं कार्ड कपाटात ठेवलं आणि घरखर्च दुसऱ्या खात्यातून केला. मग आमचे तीन अर्ज गेले, सोबत लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले. व्हिसा आले तेव्हा आमच्या तिघांचीही मुदत नवऱ्याच्या मुदतीच्याच तारखेला संपत होती.

आता सासूबाईंचा व्हिजिटर व्हिसा भरते आहे. जास्तीत जास्त सहा महिने राहता येईल. त्या फॉर्ममध्ये प्रवासाचा खर्च आणखी कोण करणार असं विचारलंय, तिथे त्यांच्या लेकाचं नाव घातलं. "म्हणजे हा माझा स्पॉन्सर?" त्यांनी विचारलं. या फॉर्मपुरतं, हो.