भाकरी ज्वारीची, गिरणी गव्हाची

गेली आठ वर्षे मी वजने उचलण्याचा व्यायाम करतो. सुमारे अडीच वर्षांपूर्वी डेडलिफ्टचा आकडा एकाएकी थांबला आणि नंतर मागे जाऊ लागला. हिमोग्लोबिन ९.८ निघाले. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही ते जागचे हलले नाही, तेव्हा डॉक्टरांनी टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडांची रक्ततपासणी सांगितली. तिचा आकडा कमाल मर्यादेच्या दहापटीहून जास्त आला. एंडोस्कोपीत लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे नमुने घेतले आणि गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते त्या सिलिॲक आजारावर शिक्कामोर्तब झाले. ही तपासणी पूर्ण होईपर्यंत चपाती सोडू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते, कारण ग्लुटेन आधीच बंद केले तर आतडे सुधारू लागते आणि तपासणी चुकीने निर्दोष येऊ शकते.

चपाती सोडणे मला फारसे जड गेले नाही. ज्वारीची भाकरी घरात होतीच. ब्रेड, रवा, शेवया आणि बिस्किटे बंद केली. बार्ली आणि राय ही धान्येही ग्लुटेनची आहेत, हे नीट लक्षात ठेवले. तरी सहा महिन्यांनी टीटीजी मर्यादेच्या चौपट होता, पोट अधूनमधून फुगत होते आणि वजन ७६ किलोवरून ७२ वर आले होते. प्रतिपिंडे खाली यायला वेळ लागतो, पण तुमच्या बाबतीत कुठून तरी ग्लुटेन आत जात असावे, असा डॉक्टरांचा अंदाज होता.

माझा पहिला संशय हिंगावर गेला. बाजारात मिळणारा बांधानी हिंग निव्वळ हिंग नसतो. त्यात डिंक आणि बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. डबी उलटून पाहिली, तर घटकांमध्ये मैदा लिहिलेला दिसला. मग कागद घेऊन हिशेब मांडला. गव्हाच्या पिठात साधारण दहा टक्के ग्लुटेन धरले आणि चिमूटभर, म्हणजे ०.२ ग्रॅम हिंगात निम्मे पीठ मानले, तर एका फोडणीत सुमारे १० मिलिग्रॅम ग्लुटेन पडते. आमटी चार माणसांची असल्याने माझ्या वाटीत त्यातले अडीच मिलिग्रॅम येणार. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आतले ग्लुटेन बहुतेक रुग्णांना सोसते असे मानले जाते. हिंग बदलायला हवा होता आणि तांदळाच्या पिठातला हिंग आणून आम्ही तो बदललाही, परंतु टीटीजी चौपट ठेवण्याएवढा गुन्हा त्याच्या पदरी घालता येईना.

तोच हिशेब भाकरीला लावला तेव्हा मी दचकलो. आमची ज्वारी कोपऱ्यावरच्या गिरणीत दळली जात असे आणि त्याच जात्यावर दिवसभर गहू दळला जाई. जात्यात आणि पीठ उतरण्याच्या कापडी नळीत गव्हाचे पाच ग्रॅम पीठ उरले असेल आणि ते माझ्या एक किलो ज्वारीत आले असेल, तर किलोमागे सुमारे ५०० मिलिग्रॅम ग्लुटेन झाले. ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिण्यासाठी आपल्याकडे किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. शिवाय मी वजने उचलणारा माणूस. दिवसाला अडीचशे ग्रॅम पीठ माझ्या पोटात जाते. म्हणजे रोजचे १२५ मिलिग्रॅम ग्लुटेन. एखादी भाकरी खाणाऱ्यावर जे निभावले असते, ते माझ्यावर चौपटीने बेतत होते. गिरणीवाले दादा भले माणूस. “तुमच्याआधी तांदूळ दळून काढतो,” असे ते म्हणाले. पण त्याने अंश कमी होतो, संपत नाही.

शेवटी घरघंटी घेतली. ज्वारी आई ताटात पसरून निवडते. पहिल्याच पायलीत तिला गव्हाचे अकरा दाणे सापडले, ते तिने वाटीत काढून माझ्यापुढे ठेवले. “अरे, हे बघ तुझं औषध,” असे म्हणून ती हसली. परात, तवा आणि विशेषतः चाळणी वेगळी केली. चाळणीच्या जाळीत अडकलेला मैदा कितीही धुतला तरी पूर्ण निघाल्याची खात्री देता येत नाही.

ताज्या पिठाचा आणखी एक फायदा झाला. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळते पाणी घातल्यावर पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच भाकरीला धरून ठेवतो. पीठ जुने होऊन विरी गेले की कडा फाटतात. आता आठवड्यापुरतेच दळतो, उकळते पाणी घालून दहा मिनिटे झाकतो आणि मग तळव्याने चांगले मळतो. डब्यात नेण्यासाठी तांदळाच्या पिठाची उकड काढून केलेली भाकरी अधिक मऊ राहते.

भाकरीची एक मर्यादा मात्र व्यायामात जाणवली. ज्वारीत तंतू भरपूर असतात, त्यामुळे स्क्वॉटच्या तासभर आधी खाल्लेली भाकरी पट्टा आवळताच वर येऊ पाहते. म्हणून दिवसाला साधारण ३५० ग्रॅम कर्बोदके अशी वाटून घेतली: सकाळी ८० ग्रॅम पोहे, दुपारी १५० ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या, व्यायामाच्या दोन तास आधी ७५ ग्रॅम तांदळाचा भात आणि दही, रात्री १०० ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या, उरलेले केळी, बटाटा आणि डाळीतून. उपवासाचे पदार्थ, म्हणजे साबुदाणा, वरी, राजगिरा, हेही मुळात ग्लुटेनविरहित असल्याने दौऱ्यावर माझ्या कामी येतात. फराळाचा पदार्थ गव्हाचे तळण तळलेल्या तेलातला नाही, एवढे विचारून घेतो.

प्रथिनांच्या पावडरीने मला दोनदा फसवले. वजन वाढवण्याच्या एका पावडरीत मी ‘गहू’ शोधत बसलो आणि ‘माल्ट एक्स्ट्रॅक्ट’ नजरेतून सुटले. ते बार्लीचे असते. ग्लुटामाइन पेप्टाइडही अनेकदा गव्हाच्या प्रथिनापासून काढतात. आता मी घटकांच्या यादीखालची ॲलर्जीची ओळ आधी वाचतो. सोया सॉस आणि ओट्सही त्याच नजरेने पाहतो: पहिल्यात सहसा गहू असतो, दुसऱ्यात तो शेतापासून कारखान्यापर्यंत कुठेही मिसळतो.

दुसरी फसगत निराळी होती. साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटनेही पोट फुगे, आणि त्यात ग्लुटेनचा अंश आहे असे समजून मी दोन डबे वाटून टाकले. दोष त्यातल्या लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा होता. लॅक्टोज पचवणारे विकर आतड्याच्या अंकुरांच्या टोकाशी तयार होते आणि माझे अंकुरच झिजलेले होते. काही महिने लॅक्टोज कमी असलेले व्हे आयसोलेट आणि दही यांवर भागवले. पुढे दूधही सोसू लागले.

घरघंटी आल्यानंतर सात महिन्यांनी टीटीजी मर्यादेत आला, हिमोग्लोबिन १३.६ झाले आणि वजन ७५ वर पोहोचले. हाडांची घनता मात्र डेक्सा तपासणीत कमी निघाली होती, त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने जड वजने मी अजून सावकाश वाढवतो आहे.

दिवाळीत आत्या आली होती. मी बाहेर गेलो असताना तिने मायेने घरघंटीत दोन किलो गहू दळले. मी जाळी आणि पिठाची पिशवी नवी आणली, आतला भाग ब्रशने व व्हॅक्यूमने साफ केला, मग पाच किलो तांदूळ दळून ते पीठ शेजारी दिले. घरघंटीच्या झाकणावर आता लाल अक्षरांत ‘गहू नाही’ लिहिलेले आहे, आणि खाली आत्यानेच स्वतःच्या हाताने ‘रवासुद्धा नाही’ अशी भर घातली आहे.