गड्ड्याच्या उन्हात निळे कल्ले

सोलापुरात जानेवारीचा पहिला पंधरवडा आमच्या धंद्याचा. गड्डा यात्रा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा, तोंडावर आली की घराघरातले बाप्ये दुकानात येऊन बसतात. कुणाला दाढी, कुणाला कटिंग, आणि चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना कलर. भोगीच्या आदल्या संध्याकाळी माझ्या दुकानात बाकावर पाच माणसं, बाहेर ओट्यावर तीन. त्या गर्दीत अण्णा आले, सोबत पुतण्या.

अण्णा माझे अकरा वर्षांचे गिऱ्हाईक. तरुणपणी यात्रेतली नंदीध्वजाची उंच काठी पेललेली, आता गुडघे कुरकुर करतात म्हणून बाराबंदी घालून नुसते सोबत चालतात. दर महिन्याला त्यांना नॅचरल ब्लॅक लावायचा, हे ठरलेलं. मागचे दोन महिने मात्र ते आले नव्हते. घरी वहिनींनी मेंदी लावून भागवलं होतं. पुतण्याने चारच दिवसांपूर्वी माझ्याकडून ब्लू ब्लॅक करून घेतला होता. पोराचं वय पंचवीस, डोक्यात एक पांढरा केस नाही. ओट्यावर उभा राहिला की उन्हात त्याच्या केसांवर कावळ्याच्या पंखासारखी निळसर चमक फिरायची आणि सावलीत आला की नुसता काळाभोर. अण्णांना ते भावलं.

"हाच लाव मला," अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला नेहमीचाच बरा."

"का? म्हाताऱ्याला शोभत नाही म्हणतोस?"

आता यावर काय बोलणार? बाकावरचे पाचही जण हसले. अण्णांनी दोन दिवसांपूर्वीच दुकानात येऊन कानामागे कलरचा थेंब लावून घेतला होता, खाज नाही, लाली नाही. मेंदी कोणती, हेही मी विचारलं. वहिनी पानांची भुकटी आणून घरी भिजवतात, पुडीतली काळी मेंदी नाही. कारण काळ्या मेंदीत काय काय कालवलेलं असतं ते पुडीवरून नीट कळत नाही, आणि धातूचे क्षार असले तर कलरमध्ये कालवायचा डेव्हलपर पडल्यावर केस तापतात. एवढी खबरदारी घेतली आणि मुख्य गोष्टीकडे डोळेझाक केली. ती चूक माझीच.

ब्लू ब्लॅकची ट्यूब 30 ग्रॅम, 20 वॉल्यूमचा डेव्हलपर 45 मिली. त्या कंपनीचं प्रमाण एकास दीड आहे. पांढऱ्यांत रंग नीट बसावा म्हणून 20 वॉल्यूम, म्हणजे सहा टक्क्यांचा पेरॉक्साईड. आधी कल्ले आणि कपाळाची कड, कारण तिथे पांढरे जास्त आणि चिवट, मग माथा. पस्तीस मिनिटं ठेवून धुतलं. ट्यूबलाइटखाली आरशात बघितलं तर डोकं एकसारखं काळं. अण्णांनी मान वळवून दोन्ही बाजू बघितल्या, खूष होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून काठ्या निघाल्या. अडुसष्ट लिंगांची फेरी, रस्ताभर पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, डोक्यावर ऊन. मी दुकान तासभर बंद ठेवून दर्शनाला गेलो होतो. गर्दीत अण्णा दिसले आणि माझ्या पोटात गोळा आला. माथा झकास काळा. पण दोन्ही कल्ले आणि कपाळावरची बोटभर पट्टी चक्क निळी. बिनतेलाच्या कोरड्या केसांवर शाई सांडल्यासारखी. पांढऱ्याशुभ्र कपड्यांमुळे ती आणखीच उठून दिसत होती. पुतण्या शेजारीच चालत होता, त्याचं डोकं मात्र बघत राहावं असं.

अण्णांनी मला हेरलं. काठी पुढे सरकेपर्यंत थांबले आणि जवळ येऊन हळूच म्हणाले, "काय बे, निळीत बुडवलास का मला?"

मी तिथेच त्यांचं डोकं वाकवून बघितलं. खरं सांगायचं तर लाज वाटत होती, पण त्याहून जास्त उत्सुकता होती. एकच वाटी, एकच ब्रश, एकच वेळ. मग माथा काळा आणि कल्ले निळे कसे?

उत्तर मेंदीत होतं. वहिनी मेंदी माथ्यावरच लावायच्या. कल्ल्यांना लावली की गालावर डाग पडतो म्हणून अण्णा तिथे लावू द्यायचे नाहीत. माथ्यावरच्या पांढऱ्या केसांना त्यामुळे नारिंगी बैठक मिळाली होती. निळा आणि नारिंगी एकमेकांना मारतात, उरतो काळा. कल्ल्यांवर तसलं काही नव्हतं. पांढरा केस म्हणजे रंगद्रव्य गेलेली रिकामी नळी. तिच्यात जे भराल तेच दिसणार.

आणि ब्लू ब्लॅकमध्ये आपण भरतो काय? ट्यूबमध्ये तयार काळा रंग नसतो. त्यात बारीक, जवळजवळ बिनरंगी रेणू असतात. ते केसात शिरतात आणि डेव्हलपरमुळे आतच एकमेकांशी जुळून मोठे, रंगीत होतात. काही जोड्या निळ्या होतात, काही तांबूस, काही तपकिरी. नॅचरल ब्लॅकमध्ये त्यांचा तोल साधलेला असतो. ब्लू ब्लॅकमध्ये निळ्या होणाऱ्या जोड्यांचा वाटा मुद्दाम वाढवलेला असतो. पुतण्याच्या केसात स्वतःचं काळंतपकिरी द्रव्य भरपूर, ते हा निळेपणा झाकून ठेवतं आणि चमकेपुरता बाहेर सोडतं. अण्णांच्या कल्ल्यांत झाकायला काहीच नव्हतं.

मग दुकानात का नाही दिसलं? केसावर पडलेला उजेड दोन वाटांनी परततो. थोडा वरच्या पापुद्र्यावरूनच उसळतो, तो पांढराच दिसतो. बाकीचा केसात शिरतो, मागच्या बाजूला आपटून रंग घेऊन बाहेर येतो. काळ्या केसात आत शिरलेला बहुतेक उजेड गिळला जातो, म्हणून परतायला काही उरावं तर आधी उजेडच जोरकस लागतो. तेवढा जोर उन्हातच. दुकानात भिंतीवर दोन ट्यूबलाइट आणि आरशावर हौसेने लावलेले पिवळे बल्ब. पिवळ्या बल्बमध्ये निळा भाग मुळातच कमी, त्यामुळे त्याच्याखाली ब्लू ब्लॅक साधा काळा दिसतो आणि नॅचरल ब्लॅक किंचित तपकिरी. अण्णांना मी याच उजेडात पास केलं होतं.

लगे हात नॅचरल ब्लॅकचंही सांगतो, कारण तो बिनधोक आहे असं सगळे धरून चालतात. आपल्याकडच्या बहुतेक 'काळ्या' केसांची एक बट उन्हासमोर धरा, कड गडद तपकिरी दिसेल. नॅचरल ब्लॅक, निदान 1 नंबरचा म्हणजे सगळ्यात गडद छटेचा, त्याहून काळा असतो. उन्हात तो निळा पडत नाही, पण पिकल्या वयाच्या चेहऱ्याभोवती सपाट, टोप घातल्यासारखा दिसू शकतो. त्यातच 20 वॉल्यूमने मूळचा काळा केस थोडा उघडतो आणि खालची तांबूस छटा मोकळी होते. पहिले काही दिवस कलर ती झाकतो. मग मोटारसायकलवर आपल्या उन्हात हिंडून आणि रोज डोकं धुऊन कलर उतरला की तीच छटा वर येते. लोक म्हणतात कलर लाल पडला. खरं तर त्यांचाच केस खालून डोकावत असतो. म्हणून पूर्ण काळे केस असलेल्या पोरांना मी 10 वॉल्यूमच लावतो. पुतण्यालाही तोच होता.

असो. भोगीच्या रात्री नऊला अण्णा आले. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, सगळी पाहुणेमंडळी येणार. वरून पुन्हा काळा थापला असता तर निळा मेला नसता, नुसता जाड झाला असता. हवा होता तांबूस.

कोमट पाण्याने दोनदा शाम्पू केला, टॉवेलवर निळसर पाणी उतरलं. केस पूर्ण वाळवले. डार्क ब्राऊन 15 ग्रॅम, तांबूस ब्राऊन 5 ग्रॅम, 10 वॉल्यूम 30 मिली. आधी कल्ल्याच्या मागच्या दहा-बारा केसांवर लावून बघितलं, कारण रंगावर रंग चढवताना तांबडं जास्त झालं तर कल्ले जांभळट दिसतात आणि मग अण्णांनी मला सिद्धेश्वर तलावात ढकललं असतं. पाच मिनिटांनी पुसून मोबाईलच्या टॉर्चखाली, पांढऱ्या टॉवेलवर धरून बघितलं. निळा दबला होता, जांभळा नव्हता. मग तेवढीच कड आणि कल्ले, बारा मिनिटं. माथ्याला हात लावला नाही.

टॉर्चवर माझा भरवसा नव्हता. सकाळी आठला त्यांना ओट्यावर बोलावलं. ठीक दिसलं, पण सकाळचं ऊन पिवळं असतं, ते बल्बसारखंच लबाड. साडेदहाला पुन्हा बोलावलं. वैतागत आले, बाराबंदी घालूनच. ओट्याच्या कडेला उभं करून एक कल्ला उन्हात, एक सावलीत असं बघितलं. सावलीतही बघायचं, कारण उघड्यावरच्या सावलीत उजेड निळ्या आभाळाचा असतो, निळेपणा असला तर तिथेही उघडा पडतो. अगदी कानालगत दोन-चार केस निळसर होते, नखाएवढी जागा. बाकी काळपट तपकिरी, वयाला शोभेल असं.

"ते कानाजवळचं कोण बघतंय?" मी म्हटलं.

"तुझी वहिनी," अण्णा म्हणाले आणि अक्षतेला निघून गेले.

माझ्या वहीत अण्णांच्या पानावर आता वेगळं लिहिलं आहे. कल्ले आणि कपाळाची कड: 2 नंबर, म्हणजे 1 नंबरहून एक पायरी फिका, 20 ग्रॅम, ब्लू ब्लॅक अजिबात नाही. माथा: ब्लू ब्लॅक 5 ग्रॅम, 2 नंबर 15 ग्रॅम. मेंदी बंद केली तर माथ्यालाही कल्ल्याचंच. त्यांना निळ्याची हौस आहे, तर ती माथ्यावर चमकेल तेवढीच. कंपनी बदलली की मात्र हे आकडे पुन्हा तपासावे लागतात. एकीचा 2 नंबर दुसरीच्या 1 नंबरइतका काळा निघालेला मी बघितला आहे.

पिवळे बल्ब मी काढलेले नाहीत, त्यांच्या उजेडात दाढी झालेला माणूस छान दिसतो. कलरची खुर्ची तेवढी दाराजवळ आणली. संध्याकाळी कलर केलेल्या गिऱ्हाइकाला सकाळी अकराच्या सुमारास एक चक्कर मारायला सांगतो. दहातले चारच येतात.