दवाखान्याची रांग वर्गात सोडवताना : माझा अनुभव

ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या वर्गात रांगेच्या गणितासाठी मी यवतमाळकडच्या खेड्यातला एका डॉक्टरचा दवाखाना घेतो. हिशेब फळ्यावर मावावा म्हणून आकडे सोपे धरलेले आहेत.

वेळ 9 ते 1. एका पेशंटला 4 मिनिटं, म्हणजे तासाला 15. दिवसाचे पेशंट 54, म्हणजे तासाला सरासरी 13.5. येण्याचा दर λ, तपासण्याचा दर μ आणि रांगेतलं सरासरी थांबणं Wq धरून मुलं लगेच पुस्तकातलं सूत्र लावतात:

```
Wq = λ / (μ(μ − λ)) = 13.5 / (15 × 1.5) = 0.6
```

0.6 तास, म्हणजे 36 मिनिटं. पण हे सूत्र येण्याचा सरासरी दर दिवसभर एकच धरतं, आणि इथे तसं नाही. साडेआठच्या एसटीपासून 9 पर्यंत 20 जण नंबर लावून बसतात. 9 ते 10 मध्ये 22 येतात, कारण मजुरांना निंदणाला जायचं असतं. पुढच्या दोन तासांत 6 आणि 4, बारानंतर 2.

आता सूत्र बाजूला ठेवून दर तासाला आले किती, तपासले किती एवढंच मांडायचं. 10 वाजता 20 + 22 − 15 = 27 जण उरतात. त्या क्षणी आलेल्याचा नंबर 108 मिनिटांनी, 11:48 ला लागतो. 11 वाजता 18 उरतात, 12 ला 7, आणि 12:36 ला दवाखाना रिकामा. वेळेनुसार एकूण आलेले आणि एकूण तपासून गेलेले अशा दोन रेषा काढायच्या, त्यांच्यामधलं क्षेत्रफळ 54 ने भागायचं आणि तपासणीची 4 मिनिटं वजा करायची, की सरासरी थांबणं सुमारे 69 मिनिटं येतं. सूत्राच्या जवळजवळ दुप्पट.

मोजणीतली नेहमीची गफलत म्हणजे पेशंट आत किती वेळ होता तेवढंच लिहिणं. आजीबाई उठून आत येईपर्यंतचा वेळही डॉक्टरचाच जातो. म्हणून रांग असताना एक बाहेर पडल्यापासून दुसरा बाहेर पडेपर्यंतचं अंतर धरा. आत 3 मिनिटं आणि अंतर 4 निघालं, तर क्षमता 20 नव्हे, 15 आहे. शिवाय घरचं कुणीतरी आधी येऊन नंबर लावून जातं, तेव्हा येण्याची वेळ नंबराची की पेशंटची, हे आधी ठरवून घ्या.

उपाय म्हणून मुलं दुसरा डॉक्टर मागतात. त्याआधी 9 ते 10 मधले 12 बीपी-शुगरचे पेशंट 11 ते 12 मध्ये बोलवून पाहा. 10 ची रांग 27 वरून 15 वर येते, सरासरी थांबणं सुमारे 42 मिनिटांवर, आणि डॉक्टर 12:36 लाच मोकळे. निवड मात्र जपून. मजुराला 11 ची वेळ परवडत नाही, परगावच्याची परतीची एसटी चुकते, आणि उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल त्याला सकाळीच घ्यावं लागतं. उरतात ते गावातलेच म्हातारे.

विद्यार्थ्यांसाठी काम:
1. दोन्ही रेषा काढून 69 आणि 42 पडताळा.
2. डॉक्टर 20 मिनिटं उशिरा आले, तर प्रत्येकाचं थांबणं किती वाढेल? का?
3. 12 ऐवजी 20 जण हलवले तर 12 वाजता किती उरतील?
4. आठवडी बाजाराच्या दिवशी 66 पेशंट आले, तर डॉक्टर किती वाजता मोकळे होतील?