आमची वाटचाल : फुगे, थीम आणि आयांचा ग्रुप

वाढदिवसाच्या सजावटीच्या माझ्या कामाची सुरवात घरातूनच झाली. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला हॉलच्या भिंतीवर मीच जंगल थीम केली, फोटो सोसायटीच्या आयांच्या ग्रुपवर टाकले आणि दुसऱ्या दिवशी सी विंगमधली एक ताई विचारायला लागली, कोणाकडून करून घेतलंस गं? मीच केलं म्हटल्यावर लगेच, मग माझ्याकडे पण कर. अडीच हजार घेतले, सामानालाच चौदाशे गेले, पण बुकिंग ते बुकिंग.

मग माझ्या डोक्यात आलं की जंगल चालतंय तर घाऊक घेऊन टाकू. रविवार पेठेत बोहरी आळीत गेले आणि बॅनर, वाघ-जिराफाचे कटआउट असे दहा सेट उचलले. हिशोब बरोबर होता, ग्रुप कळला नव्हता! एका ग्रुपमधली पोरं एकाच नर्सरीत जातात, तेच पाहुणे सगळ्यांकडे असतात, त्यामुळे "जंगल तर मागच्याच महिन्यात झालं ना" असं म्हणून प्रत्येकीला काहीतरी वेगळं हवं असतं.

तेव्हापासून घाऊक घेते ते फक्त कुठल्याही थीमला चालणारं सामान. पांढरे, पीच, सोनेरी, फिकट हिरवे फुगे दहा इंची आणि पाच इंची, फुगे अडकवायची भोकांची पट्टी, ग्लू डॉट. बॅनर-कटआउट अॅडव्हान्स आल्यावरच. दहा फुटी कमानीला लहानमोठे धरून सव्वाशे-दीडशे फुगे लागतात, म्हणजे पाकिटं भराभर संपतात असं वाटतं, पण तिथेही एकदा फसले. दिवाळीत स्वस्त मिळाले म्हणून शंभर-शंभर फुग्यांची चाळीस पाकिटं घेऊन माळ्यावर टाकली, वर पत्रा. मे महिन्यात गाठ मारायला गेलं की मानेतच फाटायचे, उन्हाळ्याच्या उकाड्याने रबराचा ताण गेलेला. जाऊबाई आणि मी पार्टीच्या दोन तास आधी पाकिटामागून पाकीट उघडतोय, घामाघूम, शेवटी नवऱ्याला गाडीवर पिटाळून जवळच्या दुकानातून दुप्पट भावाने आणवले. आता तीन महिन्यांपुरतंच घेते, बंद डब्यात खालच्या कपाटात ठेवते आणि प्रत्येक पाकिटातले दोन-तीन फुगे मान ताणून बघते, एखादा फुगवून रात्रभर ठेवते.

गच्चीवरची पार्टी असेल तर दहा इंची फुगा आठ-साडेआठ इंचांपर्यंतच फुगवायचा. आतली हवा उन्हात पसरते, आणि गडद रंग जास्त तापतात म्हणून ते आधी फुटतात. घट्ट फुगवलेला दिसतो छान, पण केक कापेपर्यंत टिकला पाहिजे ना.

ग्रुपवर जाहिरात मी फारशी टाकत नाही, अॅडमिन वैतागतात. ज्यांच्याकडे काम केलं त्या आईनेच फोटो टाकला की तिघी-चौघी विचारतात, त्यातली एक तरी बुक करते. त्यामुळे फोटो नीट येतील एवढा उजेड आहे का हे मी कमान बांधायच्या आधी बघते.

माळ्यावर अजून चार जंगलं पडून आहेत. दुसऱ्या सोसायटीतून कोणी जंगल मागितलं की मला जाम आनंद होतो.