क्रिस्टल काही विरघळेना! बीटीच्या प्रोजेक्टचा माझा अनुभव

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीतला साधा बॅक्टेरिया, स्पोर बनवताना सोबत प्रोटीनचा एक क्रिस्टल बनवतो आणि तो अळीने खाल्ला की अळी मरते, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. माझ्या प्रोजेक्टमध्ये तो क्रिस्टल वेगळा काढायचा, विरघळवायचा, त्यातलं विष ॲक्टिव्ह करायचं आणि अळ्यांना खाऊ घालून बघायचं होतं. कल्चर वाढवणं वगैरे निवांत झालं. कुर्स्ताकी जातीचा स्ट्रेन, ३० डिग्रीला शेकरवर, साधारण तिसऱ्या दिवशी पेशी फुटून स्पोर आणि क्रिस्टल बाहेर. फेज कॉन्ट्रास्टखाली स्पोर चकचकीत अंडाकृती दिसतात आणि क्रिस्टल गडद, दोन पिरॅमिड तळाला चिकटवल्यासारखे, टोकं दोन्हीकडे. पहिल्यांदा दिसले तेव्हा शेजारच्या टेबलवरच्या सगळ्यांना ओढून आणून दाखवले होते.

मग घोडं अडलं. क्रिस्टल विरघळेनात.

साध्या न्यूट्रल बफरमध्ये ते विरघळत नाहीत हे अपेक्षितच होतं, पाण्यात तर महिनोन् महिने तसेच राहतात, म्हणून तर फवारणीची पावडर टिकते. त्यांना अल्कली लागते आणि सोबत रिड्यूसिंग एजंट. माझ्या प्रोटोकॉलमध्ये ५० मिलिमोलर सोडियम कार्बोनेट, पीएच १०.५, त्यात १० मिलिमोलर डीटीटी, ३७ डिग्रीला दोनेक तास हळूहळू हलवत ठेवायचं. ठेवलं. दोन तासांनी स्लाइड केली तर क्रिस्टल तसेच, कोपरेसुद्धा झिजले नव्हते. पीएच मीटर परत कॅलिब्रेट केला, बफर नवीन केला, रात्रभर ठेवून बघितलं, तेच.

इथे दोन्ही गोष्टी का लागतात ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ह्या प्रोटीनचा साधारण अर्धा मागचा भाग विषारी नसतोच, त्याचं काम क्रिस्टल घट्ट बांधून ठेवणं. बहुतेक सिस्टीन त्याच भागात असतात आणि एका रेणूचे सिस्टीन दुसऱ्याशी डायसल्फाइड बंधाने जोडलेले असतात. पीएच चढवला की रेणूंवर ऋण भार येतो, ते एकमेकांना ढकलायला लागतात, पण बंध तुटले नाहीत तर ढकलून जाणार कुठे. म्हणजे नुसत्या अल्कलीने काम अर्धवटच होतं, बंध तोडायला डीटीटी हवंच.

आता संशय डीटीटीवर. लॅबमधली बाटली कधी उघडलेली कुणालाच ठाऊक नाही, झाकण सैल, फ्रीजच्या दारात ठेवलेली. डीटीटी हवेने ऑक्सिडाइझ होतं आणि मग ते पांढरं पावडर असतं एवढंच, कामाचं नसतं. बघायची सोपी पद्धत म्हणजे एलमन रिएजंट, थेंबभर टाकलं की चांगलं डीटीटी असेल तर लगेच भडक पिवळा रंग येतो. आमच्याकडे जेमतेम फिकट लिंबू. म्हणजे निदान झालं, आता फक्त नवी बाटली हवी, स्टोअरमध्ये आहे, रजिस्टरला नोंद आहे, मी स्वतः कपाटाच्या काचेतून बघितली आहे!! पण इंडेंट फॉर्मवर एक सही हवी आणि सहीवाले सर दौऱ्यावर. आल्यावर म्हणाले की जुनी बाटली रजिस्टरप्रमाणे अजून संपलेली नाही, ती संपवा मग नवीन मिळेल. आता मेलेलं केमिकल संपवायचं म्हणजे काय करायचं, बेसिनमध्ये ओतायचं का. पिवळ्या-फिकट दोन्ही ट्यूब नेऊन दाखवल्या तर म्हणे लेखी द्या. लेखी दिलं. मग ते पत्र कुठल्या फाइलला लावायचं ह्यावर आणखी थांबणं. शेवटी वरच्या मजल्यावरच्या लॅबमधल्या एका ताईंनी चिमूटभर दिलं, त्यांचे उपकार जन्मभर.

नव्या डीटीटीने त्याच दुपारी क्रिस्टल गायब. फक्त एक, इतक्या अल्कलीत डीटीटी स्वतःच भराभर खराब होतं, त्यामुळे बफरमध्ये अगदी शेवटी, वापरायच्या वेळीच घालायचं, आधी करून ठेवायचं नाही. आणि ट्यूब गढूळच राहिली तर घाबरू नका, स्पोर विरघळत नाहीत. गढूळपणावर जाऊच नका, स्लाइडवर टोकदार आकार उरलेत का ते बघा, किंवा सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी जेलवर चालवा, १३० किलोडाल्टनच्या आसपास जाड पट्टा आला की झालं. तो प्रोटॉक्सिन. पीएच ८ च्या जवळ आणून ट्रिप्सिन दिलं की मागचा भाग कापला जातो आणि ६० ते ६५ चा पट्टा उरतो, ते खरं विष. पीएच उतरवताना ॲसिड थेंबथेंब घाला, झटकन खाली नेलात तर प्रोटीन दह्यासारखं फुटून खाली बसतं.

हे आधी सांगायला हवं होतं, क्रिस्टल धुताना एकदा १ मोलर मिठाच्या पाण्याने धुवा, बॅक्टेरियाचे स्वतःचे प्रोटीएज चिकटून येतात आणि जेलवर नको ते तुकडे दिसतात.

आता गंमत अशी की ज्या क्रिस्टलसाठी मी फाइलींच्या मागे फिरलो ते अळीला असेच, न विरघळवता दिले तरी चालतात. तुलनेसाठी मी कोबीच्या पानाच्या चकत्या एकदा क्रिस्टलच्या पाण्यात आणि एकदा नुसत्या पाण्यात बुडवून, दोन्हीत थोडं वेटिंग एजंट घालून, सुकवून डायमंडबॅक मॉथच्या लहान अळ्यांना दिल्या. अळीच्या मधल्या आतड्याचा पीएच ९ ते ११ च्या दरम्यान आणि वातावरणही रिड्यूसिंग, म्हणजे माझा बफर तिच्या पोटातच तयार. कापायला तिचे स्वतःचे ट्रिप्सिनसारखे एन्झाइम. आपल्या पोटात उलट ॲसिड, आणि आतड्यात ह्या विषाला धरून ठेवणारे रिसेप्टरही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र डबी बघून म्हणाला, "अरे जिवंत आहेत की सगळ्या, गेलं तुझं औषध." म्हटलं अळ्या नको बघू, पान बघ. साध्या पाण्याच्या चकत्यांच्या नुसत्या शिरा उरलेल्या, डबीभर हिरवी लेंडी. क्रिस्टलवाल्या चकतीला कडेला दोन-तीन बारीक कुरतडल्याच्या खुणा, बाकी पान अख्खं आणि लेंडी जवळजवळ नाही. विष आतड्याच्या पेशींवरच्या कॅडहेरिनसारख्या रिसेप्टरला चिकटतं, काही रेणू एकत्र येतात आणि पेशीच्या पडद्यात घुसून भोक पाडतात. त्यातून आयन आत, मागोमाग पाणी, पेशी फुगते आणि फुटते. आतडं लुळं पडतं म्हणून खाणं काही तासांतच थांबतं, मरण मात्र दोन-चार दिवसांनी, उपासमारीने आणि आतड्यातले बॅक्टेरिया रक्तात शिरल्याने. एक अळी कापून बघितली, साध्या अळीच्या आतड्याची भिंत अखंड पट्टी दिसते, हिच्यात पेशी फुग्यासारख्या आत झुकलेल्या आणि मधे रिकाम्या जागा. मेलेल्या मऊ पडून काळपट होतात.

म्हणून रीडिंग ७२ तासांनी घ्या, मेली की नाही ते ब्रशने हलकेच डिवचून ठरवा. साध्या पाण्यातल्या पण काही मरतातच, त्यासाठी ॲबटचा फॉर्म्युला लावून दुरुस्ती करा, पण तिथेच २० टक्क्यांच्या वर मेल्या असतील तर आकडे दुरुस्त करत बसू नका, सगळा सेट टाकून द्या. अळ्या घेताना त्या बीटीला आधीच सरावलेल्या कॉलनीतल्या नाहीत ना हेही विचारून घ्या, ह्याच अळीने शेतात बीटी पचवायला सर्वात आधी सुरुवात केली होती.