चिल्लई कलानमध्ये श्रीनगर: फेरन घेताना बाही आधी बघा

श्रीनगरला डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर, म्हणजे चिल्लई कलानच्या कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांत जाणार असाल, तर फेरन हा काश्मिरी लांब, सैल झगा तिथेच घ्या. पुण्या-मुंबईची जाकिटं तिथे बाहेर फिरताना चालतात, पण घरात किंवा हाउसबोटीत तासन्‌तास बसायचं असेल तर फेरनच बरं.

लाल चौकाजवळच्या दुकानांत दोन प्रकार दिसले. कमरेत बेतलेलं, चेन लावलेलं फेरन फोटोत छान दिसतं. जुन्या पद्धतीचं मात्र खांद्यापासून सरळ सैल खाली येतं, गुडघ्याखाली पोचतं आणि कमरेला कुठेच आवळत नाही. हा ढगळपणा कांगडीसाठी. निखाऱ्यांचं मडकं बसवलेली ही वेताची टोपली पोटाशी धरली की आतली हवा तापते. म्हणून दुकानात स्वेटरवर फेरन चढवा आणि हात बाहीतून मागे ओढून पोटाशी आणा. कोपर अडकलं तर बाही अरुंद आहे, पुढचं बघा. रस्त्यात लोकांच्या रिकाम्या बाह्या लोंबताना दिसतात त्या याचमुळे.

आत घालायचं तसंच सैल सुती अस्तर वेगळं मिळतं, त्याला पूछ म्हणतात. तेही घ्या. लोकर अंगाला टोचत नाही, दोन थरांमध्ये हवा राहते आणि धुवायला फक्त पूछ काढावा लागतो. पुरुषांची फेरनं बहुधा जाड ट्वीडची आणि साधी. बायकांची पातळ, मऊ रफलची किंवा मखमलीची, आणि खरं भरतकाम यांच्यावरच.

ते गळ्याभोवती आणि छातीवरच्या उभ्या फाटीच्या दोन्ही बाजूंनी असतं, शिवाय बाहीच्या टोकाला आणि खालच्या काठाला. तिल्ल्यात सोनेरी-चंदेरी तार कापडावर मांडून बारीक दोऱ्याने टाचतात. ती मुख्यतः वरच राहत असल्याने उलट बाजूला टाचायचे बारीक दोरेच दिसतात. आरीचं काम आकड्याच्या सुईने साखळी टाक्याचं. यंत्राचं काम मागून फार एकसारखं दिसतं आणि बहुतेकदा त्याला कागदी अस्तर चिकटलेलं असतं, त्यामुळे कापड उलटून बघायला लाजू नका. मला तिल्ला लग्नातच शोभतो असं वाटतं. रोजच्या वापराला आरी बरी.

कापड लोकरीचंच आहे ना, हे आतल्या शिवणीतल्या कापडाचा एक धागा मागून घेऊन दुकानदारासमोरच जाळून बघा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. कांगडीजवळ हे वितळणारं कापड नकोच. कांगडी घेऊन झोपू नका, आणि बंद खोलीत किंवा गाडीत तर मुळीच नको, कारण कोळशाचा विषारी वायू वासावरून कळत नाही. सवय नसेल तर ती आत घेऊन चालूही नका. बसल्या जागी, दोन्ही हातांनी धरून शेका.

परतताना तिल्ल्याचं फेरन जुन्या सुती साडीत गुंडाळा आणि त्यावर अत्तर मारू नका, तार काळी पडते.